आयटीसी हॉटेल्सचे शेअर आले, विकले, पण खरेदी किंमत कोणती धरायची? (डीमर्जरचा हिशेब)

चकोर

नमस्कार मंडळी, एक प्रश्न आहे आणि जरा सविस्तर लिहितोय कारण तुकड्यातुकड्यात विचारलं की गोंधळ होतो.

माझ्याकडे आयटीसीचे ४०० शेअर, सगळे २०२२ मधले, २५० च्या भावाने घेतलेले, म्हणजे एक लाख रुपये गुंतवलेले. हॉटेलचा बिझनेस वेगळा काढला तेव्हा १० ला १ या प्रमाणात आयटीसी हॉटेल्सचे ४० शेअर डीमॅटला आले. २९ जानेवारी २०२५ ला लिस्टिंग झालं त्याच दिवशी मी ते १८० ला विकून मोकळा झालो, ७,२०० रुपये मिळाले. आता रिटर्न भरायला बसलोय तर ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये हॉटेल्सची खरेदी किंमत शून्य दाखवतायत आणि ७,२०० चा सगळा नफा दाखवतायत. आयटीसीची सरासरी मात्र अजून २५० च आहे. हे बरोबर आहे का? फुकट मिळालेला शेअर म्हणून शून्य धरायची का?

आणि दुसरं जे मला तेव्हापासून खुपतंय. ६ जानेवारीला सगळीकडे छापून आलं होतं की हॉटेल्सची किंमत २६० निघाली, मग तीन आठवड्यांनी तो उघडला १८० ला. मधले ८० रुपये गेले कुठे? ३० टक्क्यांच्या वर नुकसान झालं की माझं, तेही हातात शेअर विकता येत नसताना.

उनाडपक्षी

शून्य कशी असेल, फुकट काहीच मिळालेलं नाहीये तुम्हाला. तुम्ही आधी जो एक शेअर घेतला होता त्यातच हॉटेल होतं, आता ते वेगळ्या कागदावर आलं एवढंच. म्हणून तर ६ तारखेला आयटीसी खाली आला.

हिशेब सोपा आहे. आदल्या दिवशी एनएसईवर आयटीसी ४८१.६० ला बंद झाला होता, ६ तारखेला सकाळी खास प्रीओपन सेशन घेतलं त्यात ४५५.६० भाव ठरला. फरक २६ रुपये. ४८१.६० मधले २६ म्हणजे साधारण ५.४ टक्के. तर तुमच्या एक लाखातले ५.४ टक्के, ५,४०० रुपये, हॉटेल्सची खरेदी आणि उरलेले ९४,६०० आयटीसीची. ७,२०० मधून ५,४०० वजा, नफा १,८०० फक्त.

सह्यकडा

अहो हे बोनससारखंच आहे ना? बोनस शेअरची खरेदी किंमत इन्कम टॅक्समध्ये शून्यच धरतात, मी स्वतः भरलंय तसं रिटर्न. अ‍ॅप बरोबर दाखवतंय. उगाच सोप्या गोष्टीचं अवघड करू नका, ७,२०० वर असा किती टॅक्स लागणार आहे, तोही सव्वा लाखाच्या आतच असेल सगळा नफा.

हिशेबनीस

सह्यकडा, बोनसमध्ये त्याच कंपनीचे जास्तीचे शेअर मिळतात आणि जुन्या शेअरची खरेदी किंमत आहे तशी राहते, म्हणून नवीनची शून्य. डीमर्जरमध्ये जुनीच किंमत दोन भागांत वाटली जाते, दोन्हींची बेरीज केली की मूळ खर्च परत यायला हवा. त्यामुळे अ‍ॅपमधलं शून्य चूक आणि आयटीसीपुढचे २५० पण चूक, दोन्ही.

उनाडपक्षी, वाटायची हे तुमचं बरोबर आहे पण बाजारभावाच्या प्रमाणात नाही. इन्कम टॅक्स कायद्यात प्रमाण पुस्तकी किमतीवरून ठरतं. म्हणजे नव्या कंपनीकडे जी मालमत्ता गेली तिची वह्यांमधली निव्वळ किंमत किती, आणि डीमर्जरच्या आधी जुन्या कंपनीचं भांडवल आणि राखीव निधी मिळून किती, या दोघांचं प्रमाण. हे आपल्याला काढत बसावं लागत नाही, कंपनी स्वतः जाहीर करते. आयटीसीने जाहीर केलंय: आयटीसी ८६.४९ टक्के, हॉटेल्स १३.५१ टक्के.

आता चकोर यांचा हिशेब. एक लाखातले १३,५१० हॉटेल्सकडे गेले, शेअर ४०, म्हणजे एका शेअरची खरेदी ३३७ रुपये ७५ पैसे. उरलेले ८६,४९० आयटीसीकडे, ४०० शेअर, म्हणजे एकाचे २१६ रुपये २२ पैसे. विक्री ७,२०० ला झाली, खरेदी १३,५१०. नफा नाहीच, ६,३१० रुपयांचा तोटा आहे आणि तो लाँग टर्म आहे, कारण हॉटेल्सचा शेअर किती दिवस ठेवला हे मोजताना आयटीसी घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, डीमॅटला आला त्या तारखेपासून नाही.

चकोर

थांबा थांबा. ३३७? हा शेअर बाजारात आयुष्यात ३३७ ला गेला नव्हता तेव्हा, उघडलाच १८० ला. मग मी तो ३३७ ला घेतला असं सरकारला कसं सांगू? आकडा मिळाला म्हणून आनंद वाटतोय पण पटत नाहीये.

हिशेबनीस

पटत नाहीये कारण १३.५१ हा आकडा बाजाराने दिलेला नाही. हे नीट बघण्यासारखं आहे म्हणून जरा लांब लिहितो.

आयटीसीच्या वह्यांमध्ये काय होतं बघा. सिगारेटच्या धंद्याला कमाईच्या मानाने मालमत्ता फार कमी लागते. हॉटेलला मात्र जमीन, इमारत, फर्निचर, सगळं वह्यांमध्ये मोठ्या आकड्याने दिसतं आणि त्या मानाने कमाई कमी. त्यामुळे वह्यांप्रमाणे हॉटेलचा वाटा १३.५१ टक्के निघाला आणि बाजाराने कमाई बघून जो वाटा दिला तो ५ टक्क्यांच्या आसपास. त्यातही हॉटेल कंपनीचे ४० टक्के शेअर आयटीसीने स्वतःकडेच ठेवले, आपल्याला थेट ६० टक्केच वाटले, त्यामुळे बाजारात आयटीसीच्या भावातून वजा झालेला हिस्सा अजून लहान दिसला.

जास्त मालमत्तावाला धंदा वेगळा निघाला की नवीन कंपनीच्या शेअरवर कागदोपत्री तोटा दिसणार. उलटं पण होतं. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा कंपनीने दिलेलं प्रमाण होतं रिलायन्स ९५.३२ आणि जिओ फायनान्शियल ४.६८. पण २० जुलै २०२३ ला एनएसईवर रिलायन्स २,८४१.८५ वरून २,५८० ला आला, फरक २६१.८५, म्हणजे बाजाराच्या हिशेबाने ९ टक्क्यांच्या वर. तिथे ज्यांनी नवीन शेअर लगेच विकला त्यांची खरेदी किंमत बाजारभावाच्या मानाने खूप लहान होती, त्यांना नफा जास्त दिसला. सूत्र दोन्हीकडे तेच, वह्या वेगळ्या.

आणि चकोर, हा ६,३१० चा तोटा म्हणजे सरकारने दिलेली भेट नाही. तुमची आयटीसीची खरेदी २५० वरून २१६.२२ झालीय, तेव्हा उद्या आयटीसी विकाल तेव्हा दर शेअरला ३३ रुपये ७८ पैसे जास्त नफा दिसणार. ४०० ने गुणा, साधारण १३,५१० येतात. आत्ता हॉटेल्सकडे जी किंमत गेली तीच तिकडून कमी झाली. फक्त कोणत्या वर्षी काय दिसतं ते बदललं.

जाईजुई

हिशेबनीस, खूप उपयोगी. एक सोपं सूत्र निघतंय का बघा: १० ला १ आणि १३.५१ टक्के, म्हणजे आयटीसी ज्या भावाला घेतला त्याला १.३५१ ने गुणलं की हॉटेल्सची खरेदी किंमत. २५० गुणिले १.३५१ म्हणजे ३३७.७५, बरोबर येतंय. मग ज्याने आयटीसी साधारण १३३ च्या वर घेतला होता त्या प्रत्येकाला १८० ला विकताना तोटाच दिसणार.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्याकडे दोन वेळेला घेतलेले आहेत, ३०० शेअर २०२२ चे २५० ने आणि १०० शेअर नोव्हेंबर २०२४ चे ४७० ने. हॉटेल्सचे ४० आले, मी पण त्याच आठवड्यात विकले. अ‍ॅपने सगळ्यांची एकच सरासरी काढून ठेवलीय. चालतं का असं?

हिशेबनीस

सूत्र बरोबर आहे, फक्त आयटीसीपुरतंच लक्षात ठेवा, दुसऱ्या डीमर्जरला प्रमाण वेगळं आणि टक्केही वेगळे.

सरासरी नाही चालत. प्रत्येक खरेदी वेगळी धरायची. तुमच्या ४० मधले ३० हे २०२२ वाले, खरेदी ३३७.७५, लाँग टर्म. उरलेले १० नोव्हेंबर २०२४ वाले, खरेदी ४७० गुणिले १.३५१ म्हणजे ६३४.९७, आणि जानेवारीत विकले म्हणून शॉर्ट टर्म. ६३५ ची खरेदी बघून घाबरू नका, हिशेब तोच आहे, तुमचा त्या १०० शेअर्सचा एकूण खर्च ४७,००० होता त्यातले ६,३४९.७० इकडे आले इतकंच. १८० धरले तर या दहा शेअर्सवर ४,५५० च्या आसपास शॉर्ट टर्म तोटा बसतो.

हे वेगळं करणं कंटाळवाणं आहे पण तुमच्या फायद्याचं आहे. शॉर्ट टर्म तोटा शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म दोन्ही नफ्यातून वजा करता येतो, लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून. दोन्ही पुढे आठ वर्षं नेता येतात, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. मुदत गेली की पुढे न्यायचा हक्क गेला, मग आकडा कितीही बरोबर असो.

कोरापाटी

मी नवीन आहे. मी ६ जानेवारीला सकाळी घेतले होते आयटीसी, रेकॉर्ड डेट ६ जानेवारी अशीच होती, मला मात्र हॉटेल्सचा एकही शेअर आला नाही. ब्रोकरला मेल केला तर नुसतं पात्र नाही म्हणून उत्तर आलं. तक्रार करू का?

जाईजुई

तक्रार नको. ६ तारखेला घेतलेला शेअर तुमच्या डीमॅटला ७ ला आला. ६ च्या दिवसअखेर ज्यांच्या नावावर शेअर होते त्यांनाच हॉटेल्स मिळालं. म्हणजे शेवटचा खरेदीचा दिवस होता शुक्रवार ३ जानेवारी, मध्ये शनिवार रविवार. पण तुमचं नुकसान पण नाही झालेलं, तुम्हाला आयटीसी ४५५ च्या आसपास मिळाला ना, ज्यांना हॉटेल्स मिळालं त्यांनी ४८१ वाला घेतलेला. तुमच्या आयटीसीची खरेदी किंमत पण वाटायची नाही, जेवढ्याला घेतला तेवढीच पूर्ण.

उनाडपक्षी

टॅक्सचं समजलं, वह्यांवरून टक्के ठरतात हे माहीत नव्हतं, धन्यवाद हिशेबनीस. पण चकोरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळलं नाही. २६० चे १८० का झाले? माझं मत, ६ तारखेला मोठ्या लोकांनी मुद्दाम आयटीसी खाली दाबला, म्हणजे हॉटेल्सची किंमत फुगलेली दिसावी.

नाममात्र

दाबायची गरज नाही, वेगळा निघणारा हिस्सा लहान असला की आयटीसीची छोटी हालचालही त्यात आपोआप मोठी दिसते.

प्रीओपनमध्ये हॉटेल्सचा सौदा झालाच नव्हता. कोणीही हॉटेल्सचा एकही शेअर घेतला किंवा विकला नाही त्या सकाळी. सौदा झाला तो फक्त हॉटेल वगळून आयटीसीचा. त्यातून २६ रुपयांचा फरक आला, एका आयटीसीमागे हॉटेल्सचा एक दशांश शेअर, म्हणून १० ने गुणून २६०. बीएसईवर फरक २७ चा होता तर तिथे २७० आले. बघा, एक रुपया इकडे तिकडे आणि हॉटेल्सच्या भावात १० रुपयांचा फरक.

आता विचार करा, त्या सकाळी कुठलंही डीमर्जर नसतं तरी आयटीसी एखादा टक्का खाली उघडू शकला असता, सोमवार होता, मध्ये दोन दिवस बाजार बंद. एक टक्का म्हणजे पावणेपाच रुपये. ते पावणेपाच रुपये हॉटेल्सशी काही संबंध नसताना २६ मध्ये मिसळले गेले असतील तर हॉटेल्सच्या भावात ४८ रुपये फुकटचे आले. तो २६० म्हणजे वजाबाकीची बाकी आहे, भाव नाही.

जिओच्या वेळी वेगळा निघालेला हिस्सा ९ टक्क्यांच्या वर होता, इथे ५.४. तिथे रिलायन्समधली एक टक्क्याची चूक जिओच्या भावात अकरा टक्क्यांच्या आसपास झाली असती, इथे आयटीसीमधली एक टक्क्याची चूक हॉटेल्सच्या भावात अठराच्या वर जाते. २६१.८५ निघाले होते आणि २१ ऑगस्ट २०२३ ला एनएसईवर २६२ ला उघडला. म्हणून लोकांना वाटलं की हा प्रीओपनचा आकडा पक्का असतो, आणि आयटीसीच्या वेळी फसगत झाली. वेगळा निघणारा हिस्सा इतका लहान असेल तर तो आकडा बराच इकडे तिकडे होणार हे धरूनच चालायचं.

चकोर

हे मी कुठेच वाचलं नव्हतं. म्हणजे माझे ८० रुपये कधी माझे नव्हतेच असं म्हणताय?

नाममात्र

सगळेच नव्हते असं म्हणता येणार नाही, कारण खरा भाव किती होता हे कोणीच सांगू शकत नाही. पण ८० चा आकडा केवढा आहे ते आयटीसीच्या अंगाने बघा. हॉटेल्सचे ८० म्हणजे एका आयटीसी शेअरमागे ८ रुपये. ४८१ मधले ८, दोन टक्क्यांहून कमी.

तुमचं उदाहरण घ्या. ३ जानेवारीला ४०० शेअर्सची किंमत १,९२,६४०. सहा तारखेच्या ठरलेल्या भावाने आयटीसी १,८२,२४०. हॉटेल्स २६० ने १०,४०० धरले तर बेरीज पुन्हा १,९२,६४० च येते, ती येणारच, कारण २६० काढलाच तसा आहे. १८० ने धरलं तर ७,२०० आणि एकूण १,८९,४४०. फरक ३,२०० रुपयांचा. ३० टक्के घसरण असं ऐकलं की पोटात गोळा येतो पण तुमच्या एकूण गुंतवणुकीवर ती पावणेदोन टक्क्यांहून कमी आहे.

हिशेबनीस

नाममात्र यांच्याशी सहमत. त्यात अजून एक कारण घाला. नवीन कंपनी काही दिवस तात्पुरती निर्देशांकात असते. इंडेक्स फंडांकडे आयटीसी होता म्हणून हॉटेल्स आपोआप आला, पण निर्देशांकातून तो काढल्यावर त्यांना विकावाच लागतो, भाव आवडो न आवडो. बीएसईने सेन्सेक्समधून आयटीसी हॉटेल्स ५ फेब्रुवारी २०२५ ला काढला. सगळ्यांना तारीख साधारण माहीत असते, त्यामुळे ज्यांना घ्यायचाय ते पण थांबतात. शिवाय सुरुवातीचे काही दिवस शेअर ट्रेड टू ट्रेडमध्ये होता, डिलिव्हरीच घ्यावी लागते, दिवसभरात घेऊन विकणारे नसतात, आणि वरखाली पाच टक्क्यांची मर्यादा. जिओच्या वेळी तर लागोपाठ लोअर सर्किट लागले म्हणून निर्देशांकातून काढायची तारीखच पुढे ढकलावी लागली होती.

आणि चकोर यांच्यासारखे पण खूप असतात, राग मानू नका. ज्यांनी आयटीसी आयटीसी म्हणून घेतला, त्यांना हॉटेल नकोच होतं, चाळीस शेअर कुठे सांभाळत बसायचे म्हणून पहिल्याच दिवशी विकतात. विकणारे सगळे एका दिवशी आणि घेणारे हळूहळू.

चकोर

राग कसला, अगदी तसंच झालं. चाळीस शेअरसाठी एक वेगळी कंपनी अभ्यासायची माझी तयारी नव्हती.

सह्यकडा

पण मग यात शेअरहोल्डरचा फायदा काय? एकाच्या दोन कंपन्या, दोन बोर्ड, दोन ऑफिसं, खर्च वाढणार. दोघांची बेरीज होती तेवढीच. मला तर कळत नाही कंपन्या करतात कशाला हे.

नाममात्र

त्या दिवशी फायदा काहीच नाही, बरोबर बोललात. फायदा झाला तर नंतर. आयटीसीच्या बाबतीत वर्षानुवर्षं लोकांची तक्रार होती की सिगारेटमधून आलेला पैसा हॉटेल बांधण्यात जातोय आणि त्यातून परतावा फार कमी मिळतो. आता हॉटेलला स्वतःच्या कमाईवर आणि स्वतः उभ्या केलेल्या पैशावर वाढावं लागेल, आणि आयटीसीचे परताव्याचे आकडे हॉटेलच्या मालमत्तेच्या ओझ्याशिवाय दिसतील. हा खरा मुद्दा होता.

पण माझी एक शंका राहते. आयटीसीने ४० टक्के स्वतःकडे ठेवले. पूर्ण वेगळं करायचं तर पूर्ण करा ना. हॉटेल कंपनीचे एकूण साधारण २०८ कोटी शेअर, त्यातले १२५ कोटी आपल्याला आणि ८३ कोटी आयटीसीकडे. आयटीसीच्या भावात त्या ८३ कोटी शेअर्सची पूर्ण किंमत बाजार कधीच धरत नाही, कंपनीने दुसऱ्या कंपनीत ठेवलेला हिस्सा बाजार कमीच धरतो. मग त्या ४० टक्क्यांची किंमत मोकळी झालीच नाही.

हिशेबनीस

यावर आपलं जमणार नाही. ४० टक्के ठेवल्यामुळे हॉटेलला आयटीसीचं नाव, ब्रँड आणि मोठा स्थिर भागधारक मिळतो, कर्ज घेताना, नवीन करार करताना त्याचा उपयोग होतो. सगळं वाटून टाकलं असतं तर पहिल्या दिवशी विकणारे अजून वाढले असते. मला तरी ते शहाणपणाचं वाटलं.

नाममात्र

असेल. पण मी ती ४० टक्के किंमत आयटीसीच्या भावात शोधतोय आणि मला दिसत नाहीये.

जाईजुई

एक छोटी गोष्ट कोणाला उपयोगी पडेल म्हणून. माझ्या आईच्या खात्यात आयटीसीचे २७ शेअर होते. तिला हॉटेल्सचे २ आले, उरलेल्या ७ चा जो शून्य पूर्णांक सात हिस्सा होतो तो शेअर म्हणून येत नाही. अशा सगळ्यांचे तुकडे एकत्र करून ट्रस्टी बाजारात विकतो आणि पैसे वाटतो. ते पैसे नंतर बँकेत आले, रक्कम एवढी किरकोळ की आई विचारत होती हे कुठून आले. तेही विक्रीच आहे, तिची पण खरेदी किंमत त्याच १३.५१ मधून निघते. रिटर्नमध्ये विसरू नका.

चकोर

आता शेवटचा व्यवहाराचा प्रश्न. अ‍ॅप शून्य दाखवतंय, सरकारच्या वार्षिक माहितीपत्रकात काय असेल देव जाणे. मी रिटर्नमध्ये ३३७.७५ लिहिलं आणि त्यांच्याकडे शून्य असेल तर नोटीस येईल का?

हिशेबनीस

माहितीपत्रकात विक्रीची रक्कम जुळायला हवी, ती ७,२०० च आहे ना, मग झालं. खरेदी किंमत तिथे अंदाजे किंवा शून्य आलेली असू शकते, ती आपण स्वतः बरोबर लिहायची असते. फक्त कागद जपून ठेवा: आयटीसीच्या खरेदीची जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट, कंपनीने प्रमाण जाहीर केलेलं पत्रक, ते आयटीसीच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांच्या विभागात आहे, आणि डीमॅट स्टेटमेंट ज्यात ४० शेअर आलेले दिसतात. कोणी विचारलं तर एवढंच लागतं.

आणि अ‍ॅपमध्ये पण दोन्हीकडे खरेदी किंमत बदलून घ्या. बहुतेक ठिकाणी हाताने बदलायची सोय असते. हॉटेल्स विकून झालं म्हणून सोडून देऊ नका. आयटीसीपुढे २५० तसेच राहिले तर चार वर्षांनी आयटीसी विकाल तेव्हा नफा १३,५१० ने कमी दाखवला जाईल, आणि तेव्हा हे डीमर्जर कोणाच्या लक्षात पण नसेल. हॉटेल्सवर तोटा घेतला आणि आयटीसीची किंमत पण पूर्ण धरली तर तीच रक्कम दोनदा वजा केल्यासारखं होतं, नोटीस आली तर यासाठी येईल.

अण्णा_५२

धागा उशिरा बघितला. सर्वांनी छान समजावलंय पण माझं प्रकरण यात बसत नाही. माझे आयटीसीचे शेअर फार जुने, २००५ च्या आधीचे, त्यानंतर बोनस मिळत गेले, शेवटचा बोनस २०१६ चा. बोनसवाल्यांची खरेदी शून्य, तर शून्याचे १३.५१ टक्के म्हणजे पण शून्यच. पण आयटीसी विकताना मला ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव खरेदी म्हणून धरता येतो, तो नियम जुन्या शेअर्सना आहेच. मग हॉटेल्सच्या शेअरला काय? हॉटेल्स तर तेव्हा अस्तित्वात नव्हती, भाव कुठून आणायचा? आणि आयटीसीच्या २०१८ च्या भावातून पण १३.५१ टक्के वजा करायचे की तो पूर्ण धरायचा?

उनाडपक्षी

मला वाटतं आयटीसीचा २०१८ चा भाव घ्यायचा, त्याचे १३.५१ टक्के हॉटेल्सला आणि ८६.४९ आयटीसीला. तर्काला धरून तेच आहे. त्या दिवशीच्या आयटीसीच्या भावात हॉटेलची किंमत होतीच ना.

हिशेबनीस

तर्काला धरून आहे, पण कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. कायदा वाटायला सांगतो तो खरेदीचा खर्च, २०१८ चा बाजारभाव वाटायला कुठे म्हणत नाही. त्यामुळे एक मत असं की आयटीसीला पूर्ण भाव धरा. पण मला ते टिकणारं वाटत नाही, कारण तो भाव हॉटेलसकट होता आणि आता विकताय तो हॉटेलशिवायचा शेअर.

हॉटेल्सच्या बाजूने अजून अवघड. तेव्हा लिस्टेड नसलेल्या शेअर्ससाठी खर्चाला महागाई निर्देशांकाने वाढवून घ्यायची एक तरतूद आहे, पण अण्णा, तुमच्या बोनसवाल्यांचा खर्च शून्य, शून्य कितीही वाढवलं तरी शून्य. पैसे देऊन घेतलेल्या जुन्या शेअर्सना तिचा थोडा आधार मिळेल. मी स्वतः दोन सीएंना विचारलं होतं, दोघांनी दोन वेगळ्या बाजू सांगितल्या.

अण्णा_५२

म्हणजे अजून विकले नाहीत हेच बरं झालं. माझे हॉटेल्सचे शेअर अजून तसेच आहेत, आयटीसी पण. पैसे देऊन घेतलेले किती आणि बोनसचे किती हे जुन्या कागदांवरून आधी वेगळं काढतो, मग परत इथे लिहितो. तोवर कोणी यावर अपील किंवा ट्रिब्युनलपर्यंत गेलेलं माहीत असेल तर जरूर सांगा.